सरासरी ७१, सहा पेपर हातात, सातवा गायब

*मुलगी नववीत आहे. वर्षभरात गणिताच्या १०० गुणांच्या सात चाचण्या झाल्या. सहा पेपर घरी आहेत: ६२, ७४, ५८, ७९, ६६ आणि ७५. सातवा तिने हरवला. त्यात ८४ होते असं ती म्हणते. शाळेच्या कागदावर वेगवेगळे गुण नाहीत, नुसतं ‘सरासरी ७१’ एवढंच आहे. मी सहा पेपरांची सरासरी काढली, ६९ आली. मग ६९ आणि कोणता आकडा मिळून ७१ होतात ते पाहिलं, तर उत्तर ७३. कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं, तेच आलं. म्हणजे अकरा गुण तिने वाढवून सांगितले. विचारलं तर रडायला लागली, आता बोलतच नाही. पेपर हरवला की लपवला? तिच्या वडिलांना सांगू का?*
*– एक आई*

ताई, ८४ बसतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. आणि ७३ बसत नाहीत.

कॅल्क्युलेटरने चूक केलेली नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकला. आलेलं उत्तर परत मूळ गणितात घालून पाहिलं असतं, तर तिथेच शंका आली असती. घालून पाहू या. सहा पेपरांचे गुण मिळून होतात ४१४. त्यात तुमचे ७३ मिळवले की ४८७. सात चाचण्या आहेत, म्हणून ७ ने भागायचं: ६९.५७. पूर्ण आकड्यात लिहिलं तर ७०. शाळेच्या कागदावर ७१ आहेत. म्हणजे मुलीला खरंच ७३ मिळाले असते, तर कागदावर ७१ येऊच शकले नसते. हा उलटा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि हरवलेला आकडा शोधणाऱ्या कुणीही तो केल्याशिवाय उत्तरावर बोट ठेवू नये.

घोळ कुठे झाला ते बघा. तुम्ही सहा पेपरांचा ६९ हा एक आकडा केला आणि त्याच्यासमोर सातवा पेपर एकटा उभा केला. दोघांची सरासरी काढताना दोघांना निम्मा निम्मा वाटा मिळाला. म्हणजे हरवलेल्या एका पेपराचं वजन बाकीच्या एकेका पेपराच्या सहापट झालं. शाळेत तसं होत नाही. तिथे सातही पेपरांना सारखाच, सातवा वाटा असतो. सरासरी आणि सरासरी यांची थेट गाठ घालायची, तर दोन्हीकडे पेपरांची संख्या सारखी असावी लागते. एरवी आधी बेरजेपर्यंत मागे जायचं आणि मग काय ते बोलायचं.

तेच करू. शाळेने सरासरी काढताना दोन गोष्टी केल्या: सातही गुण मिळवले आणि त्या बेरजेला ७ ने भागलं. आपल्याकडे शेवटचा आकडा आहे, तेव्हा उलट्या क्रमाने जायचं. भागलं होतं, म्हणून आधी गुणायचं: ७१ × ७ = ४९७. ही सातही चाचण्यांची एकूण बेरीज. कागदावर ती कुठेही छापलेली नाही, पण सरासरीत ती दडलेली असते. मिळवले होते, म्हणून आता वजा करायचं: ४९७ मधून हातातले ४१४ गेले, उरले ८३.

दुसऱ्या वाटेनेही ८३ येतात का ते पाहिलेलं बरं. प्रत्येक पेपर ७१ पासून किती वर किंवा खाली आहे ते मांडा. ६२ हे ९ ने खाली, ७४ हे ३ ने वर, ५८ हे १३ ने खाली, ७९ हे ८ ने वर, ६६ हे ५ ने खाली, ७५ हे ४ ने वर. खालचे एकूण २७, वरचे १५, म्हणजे सहा पेपर मिळून १२ ची तूट. सरासरी ७१ असेल तर वर आणि खाली यांची शेवटी फिटंफाट व्हावीच लागते. ती १२ ची तूट भरायला सातव्या पेपराशिवाय दुसरं कुणी नाही. तेव्हा तो ७१ च्या १२ ने वर: ८३. मला स्वतःला ही रीत जास्त आवडते, कारण एका पेपराला किती ओझं उचलावं लागलं ते तिच्यात डोळ्यांना दिसतं. सरासरी फक्त २ ने वर गेली म्हणून हरवलेला पेपरही दोनचार गुणांनीच वर असेल, असं आपल्याला उगाच वाटतं. प्रत्यक्षात ती २ ने उचलायची तर सातही पेपरांच्या वाट्याला दोन दोन, म्हणजे एकूण १४ गुण जादा आणावे लागतात. ६९ अधिक १४, झाले ८३.

आता तुम्ही म्हणाल, ८३ आले ना, मग ती ८४ का सांगते? एका गुणाची का होईना, थाप आहेच.

नाही. इथेच आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: कागदावरचे ७१ म्हणजे अगदी नेमके ७१. सात पूर्ण आकड्यांच्या बेरजेला ७ ने भागून नेमका पूर्ण आकडा येणं तसं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा मागे दशांश लोंबकळत असतो आणि कागदावर लिहिताना तो जवळच्या पूर्ण आकड्यात बसवतात. ७०.५ पासून ७१.५ च्या अलीकडपर्यंत काहीही असलं तरी छापलं जातं ७१. सरासरीतली ही अर्ध्या गुणाची ढिलाई दिसायला क्षुल्लक, पण आपण तिला ७ ने गुणतो. ७०.५ ला ७ ने गुणलं तर ४९३.५, आणि ७१.५ ला गुणलं तर ५००.५. बेरीज पूर्ण आकड्यातच असणार, म्हणून ती ४९४ ते ५०० यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येकीतून ४१४ वजा करा: हरवलेला पेपर ८० ते ८६ यांमधला कोणताही.

म्हणजे ८३ हे उत्तर नव्हे, त्या पट्ट्याचा मधला आकडा आहे. मुलगी सांगते ते ८४ धरून पाहा: बेरीज ४९८, भागिले ७, येतात ७१.१४, आणि कागदावर ७१. चोख बसलं.

पण ताई, आता दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तिचे ८४ शाबीत झाले असं मी म्हणत नाही. ८० बसतात तसेच ८६ ही बसतात, आणि त्यांतला नेमका कोणता हे ७१ या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. ७३ वरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात त्याला आधार नव्हता, एवढं मात्र पक्कं. पेपर हरवला की लपवला, हेही सरासरी सांगत नाही. तरी एक गोष्ट ती सांगून जाते. मुलगी त्या चाचणीला गैरहजर असती आणि तिचा शून्य धरला असता, तर ४१४ भागिले ७ म्हणजे ५९ छापून आले असते. तो पेपर सोडून सहांचीच सरासरी काढली असती, तर ६९. कागदावर यातलं काहीच नाही. तेव्हा तिने पेपर दिला, तो तपासला गेला आणि हिशेबात धरला गेला. आणि सातही पेपर धरले असतील तर तो तिचा वर्षातला सगळ्यांत चांगला पेपर होता, कारण ८० ते ८६ मधला कोणताही आकडा घेतला तरी तो तिच्या ७९ च्या वरच आहे. असा पेपर लपवण्याचं कारण मला तरी सुचत नाही.

हा पट्टा आवळायचा असेल तर शाळेकडे सातव्या पेपराचे गुणच मागायला पाहिजेत असं नाही. सरासरी दशांशानंतर एका स्थळापर्यंत मिळाली तरी भागतं. ७१.१ असं कळलं, तर बेरीज ४९७.३५ ते ४९८.०५ यांच्यामध्ये हवी, आणि तिथे पूर्ण आकडा एकच आहे: ४९८. म्हणजे नेमके ८४. कळलं ७१.०, तर ८३, ७१.३, तर ८५. लक्षात ठेवायला सोपं असं आहे की सरासरी पूर्ण आकड्यात असली तर जितक्या चाचण्या तितक्या शक्यता उरतात. एका दशांशापर्यंत असली आणि चाचण्या दहा किंवा कमी असल्या, तर एकच बेरीज बसते. अर्थात गुण पूर्ण आकड्यात असतील तरच. कुठे साडेपंचाहत्तर वगैरे दिले असतील तर शक्यता जवळजवळ दुप्पट होतात.

एक गंमतही सांगते, कारण ती उपयोगी पडू शकते. समजा शाळेने ७१.२ असं सांगितलं. पूर्ण गुणांच्या सात चाचण्यांतून, नीट जवळच्या दशांशात बसवलेले ७१.२ येऊच शकत नाहीत. ४९८ ला भागलं की ७१.१४ म्हणून ७१.१, आणि ४९९ ला भागलं की ७१.२९ म्हणून ७१.३. मधला ७१.२ कुणाच्याच वाट्याला येत नाही. तरी तो छापलेला दिसला, तर कुणीतरी पुढचे दशांश सरळ तोडून टाकले आहेत (मग ते ७१.२८ चे ७१.२, म्हणजे बेरीज ४९९), किंवा कुठेतरी अर्धा गुण आहे, किंवा भागाकार सातने केलेलाच नाही. दशांश तोडायची सवय असेल तर तुमच्या ७१ चा अर्थही बदलतो: बेरीज ४९७ ते ५०३ आणि हरवलेला पेपर ८३ ते ८९. गंमत म्हणजे ८४ याही पट्ट्यात आहेत.

भागाकार किती ने केला, हा प्रश्न मात्र सोडू नका. माझ्या मते दशांशापेक्षा तो महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी सात चाचण्या घेतात आणि सर्वांत कमी गुणांची एक सोडून सहाच धरतात. तसं इथे असेल तर तुमचा ५८ चा पेपर बाजूला पडला. मग उरलेल्या पाच पेपरांची बेरीज ३५६, आणि ७१ × ६ = ४२६, म्हणून हरवलेला पेपर ७० च्या आसपास. पट्टा धरला तर ६७ ते ७२. तसं झालं असेल तर मुलीचे ८४ बसत नाहीत, कारण ते धरून सहांची सरासरी ७३ छापली गेली असती. सरासरी तीच, हातातले पेपर तेच, फक्त ७ च्या जागी ६ आले आणि उत्तर तेराचौदा गुणांनी सरकलं. म्हणून वर्गशिक्षिकांना विचारायचा पहिला प्रश्न हा: ‘या सरासरीत किती चाचण्या धरल्या आहेत?’

दुसरा प्रश्न हातातल्या सहा पेपरांबद्दल. तुम्ही पेपरावरचे गुण घेतलेत, शाळेने वहीतले घेतले असणार. दोन्ही एकच असतील असं आपण धरून चालतो. पेपर दाखवताना एखाद्या मुलीने ‘बाई, इथे पायरीचे गुण राहिले’ असं म्हटलं, बाईंनी वहीत चार वाढवले आणि पेपरावर खाडाखोड केलीच नाही, असं अगदी सहज होतं. तुमचा ६६ चा पेपर वहीत ७० असेल, तर हरवलेल्या पेपराचा सगळा पट्टा चार खाली सरकून ७६ ते ८२ होईल. हातातल्या गुणांत जेवढी चूक, तेवढीच ती उलट्या दिशेने हरवलेल्या गुणांत उतरते. तिथे तिला दडायला जागा नसते. पेपरांवरची पानापानांची बेरीजही एकदा करून पाहा, आणि ५८ चा ८ हा खरोखर ८ आहे की ३, तेही. तिथे ५३ असतील तर मधला आकडा ८३ चा ८८ होतो.

कधी कधी काढलेलं उत्तर आणि मूल सांगतं तो आकडा यांत बरोबर ९ चा, १८ चा किंवा २७ चा फरक पडतो. अशा वेळी मुलाकडे नंतर बघा, आधी उलटसुलट लिहिलेले अंक शोधा. दोन अंकी आकड्याचे अंक आपसांत बदलले की फरक नेहमी ९ च्या पटीतच पडतो: ७५ चे ५७ झाले की १८. आणि उत्तर १०० च्या वर किंवा शून्याच्या खाली गेलं, तर फार शोधत बसू नका. बहुधा चाचण्यांची संख्या तरी चुकली आहे, नाहीतर एखादा गुण दोनदा धरला गेला आहे.

तुमच्यासारख्याच दुसऱ्या अडचणीतले लोक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. दोन पेपर हरवले असतील तर या रीतीने त्या दोघांची बेरीज मिळते, वेगवेगळे गुण मिळत नाहीत. त्या बेरजेचे दोन सारखे भाग करून लिहून टाकू नका. आणि हरवलेली चाचणी १०० ऐवजी ५० गुणांची असेल, तर टक्केवारी कशी काढली ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक चाचणीची टक्केवारी काढून त्यांची सरासरी घेतली असेल, तर याच आकड्यांवरून त्या पेपरात ५० पैकी ४० ते ४३ निघतात. मिळालेले सगळे गुण भागिले एकूण ६५० असं केलं असेल, तर ४५ ते ५०. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत.

आता मुलीचं. वडिलांना सांगण्यासारखं अजून काही घडलेलंच नाही, तेव्हा ते राहू द्या. तिला बोलवा, ते सहा पेपर समोर ठेवा आणि ७३ चा हिशेब कुठे चुकला ते तुम्हीच तिला दाखवा. ४१४ अधिक ८४ ही बेरीज तिला करू द्या, सातने तिलाच भागू द्या. नववीतल्या मुलीला हे जमतं, आणि आपले ८४ त्यात बसतात हे तिला कुणी तोंडाने सांगण्यापेक्षा कागदावर दिसलेलं बरं. ‘मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही’ हे वाक्य जड जात असेल तर बेरजेनंतर बोला, पण बोला.

मग वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहा. पेपर हरवल्याचा उल्लेख हवा तर करा, संशयाचा नको. ‘सरासरी ७१ ही सात चाचण्यांची आहे की सहांची, आणि दशांशात ती किती आहे, एवढं कळवाल का?’ इतकंच पुरे. उत्तर ‘सात चाचण्या, ७१.१’ असं आलं आणि घरचे सहा गुण त्यांच्या वहीशी जुळले, तर त्या पेपरात ८४ होते. ८३ नाहीत आणि ८५ ही नाहीत.